एएलटी आणि एएलपीवरून अडथळा कसा ओळखायचा?

यकृताच्या रक्ततपासणीत दोन एन्झाइम आहेत, एएलटी १२० (कमाल ४०) आणि एएलपी ४८० (कमाल १२०); कावीळ आणणारं बिलिरुबिन ४. यकृताच्या पेशींना इजा आहे की पित्ताला अडथळा?

हे चित्र पित्त अडल्याचं आहे. बिलिरुबिन दोन्हींत वाढतं, म्हणून ते इथे निवाडा करत नाही. प्रत्येक एन्झाइम आपल्या कमाल मर्यादेच्या किती पट आहे ते बघा: एएलटी ३ पट, एएलपी ४ पट. तीनला चारने भागलं की ०.७५. हा भागाकार २ किंवा कमी असेल तर पित्त अडल्याचा नमुना, ५ किंवा जास्त असेल तर पेशींची इजा, मधला असेल तर मिश्र.

एएलपी हाडांतूनही येतं, त्यामुळे हाडांतून न येणारं जीजीटी हे एन्झाइम वाढलंय का तेही बघा. वाढलं असेल तर एएलपी यकृताकडचंच समजायला हरकत नाही.

फसगत होते ती वेळेमुळे. पित्तनळीत खडा नुकताच अडकला असेल तर आधी एएलटी झपाट्याने चढतं, कधी हजारच्या घरात. एएलपी यकृतात नव्याने तयार व्हावं लागतं, म्हणून ते एक-दोन दिवस मागे राहतं. पोटात तीव्र कळ असेल तर पहिल्याच रिपोर्टवरून हिपॅटायटिस ठरवू नका, तपासणी पुन्हा करा.

आणि काही औषधांनीही, पित्तनळी मोकळी असताना, असाच नमुना दिसतो. नळी फुगली आहे का, ते सोनोग्राफीच सांगेल. कावीळीसोबत ताप, थंडी असेल तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा.