पॅकेज मॅनेजर म्हणजे नक्की काय, आणि सेटअप डाउनलोड करण्यापेक्षा तो बरा कसा?

प्रश्न: मी सोलापुरात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. मित्राने लॅपटॉपवर उबंटू टाकून दिलं आणि म्हणाला, साइटवरून सेटअप डाउनलोड करू नकोस, पॅकेज मॅनेजर वापर. हे नक्की काय असतं आणि ते बरं कसं?

उत्तर: संगणकावर कोणते सॉफ्टवेअर कोठून आले, त्याने कोणत्या फाइली कुठे ठेवल्या आणि ते कशावर अवलंबून आहे, याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज मॅनेजर, उबंटूवर तो `apt` या नावाने वापरला जातो. मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे संगणक सांभाळतो. तेथील लेबले इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्राममध्ये तयार होतात, म्हणून तेच उदाहरण घेतो. टर्मिनलमध्ये या दोन आज्ञा द्यायच्या, `sudo` म्हणजे आज्ञा पूर्ण अधिकाराने चालवणे.

```
sudo apt update
sudo apt install inkscape
```

पहिल्या आज्ञेने काहीच इन्स्टॉल होत नाही. उबंटूच्या भांडारातील, म्हणजे रिपॉझिटरीतील, पॅकेजांची ताजी यादी तेवढी येते. त्या यादीत प्रत्येक पॅकेजची आवृत्ती, त्याला लागणारी इतर पॅकेजे आणि फाइलच्या मजकुरावरून काढलेला SHA256 अंक असतो, आणि ही यादी उबंटूच्या डिजिटल सहीने बांधलेली असते. दुसरी आज्ञा पीडीएफ वाचण्यासाठीच्या पॉपलरसारख्या लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचे तयार कोडचे संच, शोधते, नसतील त्या सोबत उतरवते आणि प्रत्येक फाइलचा अंक यादीशी ताडून पाहते. वाटेत कोणी फाइल बदलली असेल, तर अंक जुळत नाही आणि ती नाकारली जाते. याउलट शोधयंत्रावर आधी दिसणारी साइट मूळ निर्मात्याची आहे की हुबेहूब नक्कल, हे नवख्याला ओळखता येईलच असे नाही.

मला मात्र याहून मोठा वाटणारा फायदा नंतर कळतो. सेटअपमधून आलेले प्रोग्राम बहुधा लायब्ररीची आपापली प्रत घेऊन येतात, त्यामुळे पॉपलरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली की प्रत्येक निर्मात्याच्या नव्या सेटअपची वाट पाहावी लागते. `apt` कडे ती लायब्ररी सामाईक असते. दुरुस्ती भांडारात आली की `sudo apt update` नंतर एकदा `sudo apt upgrade` केल्यावर ती वापरणारे सारे प्रोग्राम पुन्हा सुरू होताच दुरुस्त प्रत वापरू लागतात.

भांडारातील आवृत्ती निर्मात्याच्या साइटवरील आवृत्तीपेक्षा अनेकदा जुनी असते, हे खरे. त्यासाठी लोक पीपीए नावाची बाहेरची भांडारे जोडतात. पण तसे केल्यास ते भांडार चालवणाऱ्याला आपल्या संगणकावर पूर्ण अधिकाराने काहीही बसवण्याची मुभा मिळते, म्हणून मी कारखान्यात ते टाळतो.

`Unable to locate package` असे दिसल्यास पॅकेजचे नाव तपासावे आणि `update` पुन्हा चालवावे. `Could not get lock` दिसल्यास बहुधा पार्श्वभूमीला आपोआप अपडेट चालू असते. ते संपेपर्यंत थांबावे. एका वेळी एकच इन्स्टॉल चालावे म्हणून `apt` लॉक फाइल ठेवतो, नेटवरील सल्ला वाचून ती पुसू नये, कारण अर्धवट बसलेली पॅकेजे निस्तरणे फार त्रासाचे असते.