गच्चीवरच्या भाजीतून नियमित पैसे : सुरुवात रोपांपासून करा

प्रश्न : गच्चीवर मेथी, कोथिंबीर, मिरच्या चांगल्या येतात. शेजाऱ्यांना विकून महिन्याला थोडे नियमित पैसे मिळतील का? सुरुवात कशाने करू?

मिळतील, पण भाजीपेक्षा रोपांतून जास्त. एका क्रेटमधल्या मेथीच्या महिन्याभराने तीन-चार लहान जुड्या होतात. भाजीवाल्यापेक्षा फार जास्त भाव शेजारी देत नाहीत, त्यामुळे क्रेटमागे पन्नास-साठ रुपये सुटले तरी पुष्कळ. तेवढ्याच जागेत मिरचीची पन्नासेक रोपं मावतात आणि आमच्याकडे, पुण्यात, पिशवीतलं रोप पंधरा रुपयांना सहज जातं.

मी ९८ खणांचा प्रो-ट्रे वापरते. भिजवलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत मिसळून भरते, खणात एकच बी, अर्धा सेंटीमीटर खोल. मिरची आठ-दहा दिवसांत उगवते. चार-सहा पानं आली की लहान काळ्या पिशवीत हलवते. पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत रोप विकण्याजोगं होतं. मागच्या वेळी ९८ पैकी ८१ उगवली, ६६ पिशवीत टिकली आणि ५८ विकली गेली. ८७० रुपये आले; बी, कोकोपीट, खत, पिशव्या मिळून साडेतीनशेच्या आसपास खर्च. सगळं एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी अर्धा ट्रे पेरलात तरच पैसे दर महिन्याला येतील. बी पाकिटातलं घ्या. बाजारच्या संकरित टोमॅटोचं बी काढून रोपं केलीत तर फळ मूळ झाडासारखं येईलच असं नाही आणि बोल तुम्हाला लागेल.

पावसाळ्यात एकदा माझा निम्मा ट्रे दोन दिवसांत आडवा झाला. रोपांची मान मातीलगत तपकिरी, दोऱ्यासारखी बारीक झाली होती. ही बुरशीमुळे होणारी मर. कोकोपीट सतत ओलं राहिलं आणि वारा लागला नाही की ती येते. आता मी सकाळीच पाणी देते, तेही वरचा थर फिकट दिसल्यावर. ट्रे विटांवर उचलून, पावसाच्या माऱ्याबाहेर ठेवते. मर दिसली की तेवढे खण लगेच रिकामे करायचे.

देण्याआधी माणसाला एवढं नक्की विचारा : बाल्कनीत ऊन किती तास येतं? मिरचीला पाच-सहा तास तरी हवं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची बाल्कनी उत्तरेला, तिथे मिरचीला फुलंच धरेनात. मी ती परत घेऊन पुदिना दिला. पुदिन्याच्या काड्या पाण्यात आठवडाभरात मुळं धरतात, त्यामुळे मला तो जवळपास फुकटच पडतो. काकू आता दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःसाठी नाहीतर लेकीसाठी काहीतरी नेतातच.