कुपनावरची कोरी तारीख

प्रश्न : महाल भागात माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत एका भिशीच्या ताईंनी 500 रुपयांची 40 गिफ्ट कूपनं घेतली. मुदत सहा महिने. आता 13 कूपनं घेऊन आल्या. मी मुदत संपली म्हटलं, तर कूपनं माझ्याकडेच टाकून गेल्या आणि ग्राहक आयोगात जाते म्हणाल्या. 9 कुपनांवर ‘मुदत’समोर तारीखच लिहायची राहिली आहे. भाचा म्हणतो, तारीख आता लिहून टाकू. चालेल का? आणि पुढे हीच कूपनं भावाच्या चपलांच्या दुकानातही चालवावी म्हणतो.

उत्तर : नाही चालणार. पेन खाली ठेवा. ताईंकडे त्या कुपनांचे फोटो नसतील असं धरून चालू नका. आयोगापुढे कोरं कूपन हा तुमचा निष्काळजीपणा ठरेल, मागाहून तारीख टाकलेलं कूपन मात्र बनावट पुरावा ठरू शकतं आणि मग प्रकरण फौजदारी बाजूला जातं.

सगळं अडतं ते एकाच ठिकाणी. पैसे घेण्याआधी मुदत ताईंना कळवली होती, हे तुम्ही दाखवू शकता का? करार होतो तो पैसे दिल्या क्षणी. त्यानंतर सांगितलेली, किंवा फक्त भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेली अट ग्राहकाला बांधून घेईलच असं नाही. कोऱ्या 9 कुपनांवर तुमच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नाही. तारीख असलेल्या 4 कुपनांवर तुमची बाजू बरी आहे, पण ती तारीख विक्रीच्याच दिवशी लिहिली हे तुम्ही कशावरून सांगणार? दुकानदार मंडळींचा रोजमेळ मी नेहमी मागतो आणि बहुतेकांकडे एकच ओळ निघते: ‘कूपन विक्री 20,000’. ना क्रमांक, ना घेणाऱ्याची सही. तुमचंही तसंच असेल, तर कोणतं कूपन कधी विकलं हे तुम्हालाच ठाऊक नाही.

म्हणून तेराही कुपनांवर माल द्या. दर्शनी किंमत 6,500 रुपये, तुमच्या खिशातून जाणार ती त्या मालाची खरेदी किंमत. ताईंना याच आठवड्यात पत्र द्या की अमुक तारखेपर्यंत ही कूपनं स्वीकारू. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. माल देताना प्रत्येक कुपनावर ‘वापरले’ असा शिक्का मारून बिलाचा क्रमांक लिहा आणि कूपन जपून ठेवा. चार कुपनांसाठी भांडायचंच असेल तर भांडता येईल. पण मुदत संपली म्हणून पूर्ण रक्कम जप्त करणारी अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित ठरेल की नाही, याची खात्री मी देणार नाही.

पुढच्या दिवाळीआधी कूपन पुस्तक छापून घ्या. छापील क्रमांक, छापील शेवटची तारीख आणि दुकानात राहणारी स्थळप्रत. मुदत निदान एक वर्ष ठेवा. स्थळप्रतीवर विक्रीची तारीख आणि ‘मुदत वाचली’ या ओळीखाली घेणाऱ्याची सही घ्या. 800 चा फ्रॉक घेतला तर वरचे 300 रोख, आणि 350 चा घेतला तर उरलेल्या 150 चं काय, हेही कुपनावरच छापा. खरे वाद त्या 150 वरूनच होतात.

जीएसटी कूपन विकताना नाही, माल देताना लावा. न वापरलेल्या कुपनांच्या रकमेवर जीएसटी नाही, हे 31 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. आयकराचं तुमच्या सीएला विचारा.

भावाच्या दुकानाचा विचार सोडा. फक्त स्वतःच्या दुकानात चालणाऱ्या कुपनाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. दुकान भावाच्या मालकीचं असेल, तर तेच कूपन दोन वेगळ्या व्यावसायिकांकडे चालणारं साधन होतं. तिथे 2007 चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा आडवा येतो.

ताई तरीही आयोगात गेल्या, तर? त्यांना घटना घडल्यापासून दोन वर्षं आहेत आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, म्हणजे त्यांना अडवणारं काही नाही. नोटीस तक्रारीच्या प्रतीसह हाती पडली की लेखी उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ठरवलं आहे. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असंही कायदा म्हणतो, तारखा मात्र कितीतरी लांबतात, याचा मला संताप येतो. पण तो उशीर तुमचे 45 दिवस वाढवत नाही. लिफाफा आला त्याच दिवशी वकिलाकडे न्या. गल्ल्याच्या खणात ठेवू नका.