गाडीमागे ओझं

"आई, आजी पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवते. पण त्यात तुझ्या रविवारच्या कोड्यासारखं शब्दाच्या पोटात शब्द का नसतो?"

चिऊ,

आजीच्या कोड्यात अर्थ सरळ विचारतात. माझं कोडं इंग्रजी वळणाचं, क्रिप्टिक. त्यात ओळीच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या ओळीत ते उत्तर जुळवायची कृती.

पण तोंडी कोड्यांत आपणही हेच करतो. 'तीन अक्षरी फूल, मधलं काढलं की दुखतं.' कमळातला म काढला की कळ उरते. म परत आत बसव, झालं पोटात घालणं!

आजीसाठी मी मराठीत दोन-चार रचून पाहिली. हे बघ: 'राज्याची व्यवस्था? गाडीमागे ओझं! (४)'. गाडी म्हणजे कार, तिच्यामागे ओझं म्हणजे भार. कारभार. चार घरं, का-र-भा-र. इथे तुकडे नुसते शेजारी ठेवायचे असतात. मात्र तुकड्यांचा उत्तराशी अर्थाने संबंध नको. 'राजवाडा'चे राज आणि वाडा केले तर फसणार कोण?

दुसरं: 'कोकमाच्या कालवणात गवताचं टोक पडलं, केवढा समुद्र! (३)'. इथे 'कालवणात पडलं' ही खूण ओळखायची. काहीतरी कशाच्या तरी आत जातंय. कालवण म्हणजे सार, गवताचं टोक म्हणजे पहिलं अक्षर ग. सा आणि र यांच्यामध्ये ग टाक. सागर. शेवटी 'समुद्र'शी ताडून बघायचं. दोन्ही वाटा एकाच शब्दावर आल्या तरच उत्तर पेनाने लिहायचं.

घोटाळा कुठे होतो माहितेय? मी आधी लिहिलं होतं, 'पुरुषाने गावाची सुरुवात गिळली, झालं शहर'. मला नर आणि ग मिळून नगर हवं होतं. पण गावाची सुरुवात ग नाही, गा आहे! नगार झालं. आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटलेली असते, ती घरात वेगळी बसत नाही. म्हणून तिथेही गवतच आणावं लागलं.

इंग्रजीत ही अडचण नाही, तिथे एका घरात स्पेलिंगचं एकच अक्षर. त्यामुळे 'पाय' नावाच्या खाऊच्या शेवटच्या ई-आधी 'रॅट'ची तीन अक्षरं घुसवली की 'पायरेट' होतो, समुद्री चाचा. मोठ्याने म्हणून बघ, उच्चार कुठच्या कुठे गेला तरी चालतं. मराठीत तुकडा कानालाही तसाच लागतो, म्हणून लपवणं अवघड. संधी झाली तर आणखीच वाईट: सूर्य आणि उदय शेजारी ठेवलेस की उ गायब.

आता आजीला हे दे, आणि तू मध्ये बोलू नकोस: 'गुत्त्यात "नीघ इथून!" असली मंडई (३)'.

तुझी आई