सपाट, सरळ की समतोल?

«प्रकल्पाचा मराठी गोषवारा लिहितेय. 'फ्लॅट बँड पोटेन्शियल'ला 'समतोल विभव' म्हणू, 'सरळ पट्टा विभव' की 'सपाट पट्टा विभव'? आणि कपॅसिटन्सच्या आलेखावरून तो 'मोजला' असं लिहिलं तर चालेल का? माझा इलेक्ट्रोड हेमटाइटच्या पातळ थराचा आहे. – एक विद्यार्थिनी, डिचोली»

'समतोल' आधी बाद करा. तो नुसता दूरचा शब्द नाही, उलट अर्थाचा आहे.

तुमचा हेमटाइटचा थर एन-प्रकारचा अर्धसंवाहक. अंधारात तो द्रावणात बुडवला, बाहेरून काहीच लावलं नाही, की थरातले थोडे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाकडून द्रावणात जातात. दोन्हीकडच्या इलेक्ट्रॉनांची पातळी, म्हणजे फर्मी पातळी, जुळली की ही ये-जा थांबते. खाजन शेतीत मानशीच्या दोन्ही अंगांना पाणी एका उंचीला आलं की दार जागच्या जागी राहतं, तसं. हा झाला समतोल. पण त्या समतोलाची किंमत म्हणून पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटरांत इलेक्ट्रॉन उरत नाहीत, मागे धन प्रभाराचे दाते राहतात आणि ऊर्जापट्ट पृष्ठभागाकडे वर वाकतात. समतोलात पट्ट वाकलेले असतात. ते सपाट करायचे तर बाहेरून ऋण बाजूचा विभव देऊन समतोल मोडावा लागतो. हा विभव नेमका किती द्यावा लागतो, त्या आकड्याला फ्लॅट बँड पोटेन्शियल म्हणतात. मानशीची उपमा वर्गात बऱ्याचदा ऐकू येते आणि ती 'पाणी एका पातळीत म्हणजे पट्ट सपाट' अशी संपते. तिथेच घोळ होतो. पाणी एका पातळीत आलं की फर्मी पातळी सारखी होते, पट्ट नव्हे.

'सरळ' मात्र मोहात पाडणारा शब्द आहे. वाकलेली सळई आपण सरळ करतो, सपाट करत नाही. मग वाकलेला पट्टही सरळच व्हायला हवा, नाही का? मीही पूर्वी तसंच लिहायचो. अडचण अशी की सरळ रेघ तिरकीही असू शकते. पट्ट सरळ पण तिरका असेल, तर तिथे विद्युत् क्षेत्र आहे आणि इलेक्ट्रॉन त्या उतारावरून घरंगळणार. आपल्याला तर क्षेत्र शून्य झालेली स्थिती सांगायची आहे. चढ नाही, उतार नाही, म्हणून 'सपाट'च हवा.

राहिला 'पट्टा'. आपल्याकडे, त्यातून डिचोली-साखळीकडे, पट्टा म्हटलं की खाणपट्टा डोळ्यांसमोर येतो. हेमटाइटबद्दलच्या गोषवाऱ्यात 'सपाट पट्टा' वाचून कुणाला डोंगर कापून सपाट केल्याचं चित्र दिसलं, तर त्याला दोष देता येणार नाही. 'ऊर्जापट्ट' असा काना नसलेला शब्द वैज्ञानिक मराठीत रुळलेला आहे. तोच घ्या आणि समास जोडून लिहा: सपाटपट्ट विभव. तोडून लिहिलंत तर विभवच सपाट आहे असं वाचलं जाईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. 'मोजला' लिहू नका, 'काढला' लिहा. मोजता तुम्ही कपॅसिटन्स. विभव तुम्ही देता. आणि सपाटपट्ट विभव या दोहोंवरून काढता. तीन वेगळ्या गोष्टींना मराठीत तीन वेगळी क्रियापदं तयार आहेत, ती वापरायला काय हरकत आहे?

काढायचा म्हणजे कसा, ते पाहा. इलेक्ट्रॉन ओसरलेला तो पातळ थर कपॅसिटरसारखा वागतो. विभव धन बाजूला नेला की थर जाड होतो, जणू कपॅसिटरच्या पाट्या एकमेकींपासून लांब गेल्या, आणि कपॅसिटन्स घटतो. थराची जाडी विभवाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून कपॅसिटन्सचा नुसता आलेख वाकडा येतो, पण त्याच्या वर्गाचा व्यस्त घेतला की सरळ रेघ मिळते. हाच मॉट-शॉट्की आलेख:

```
1/C² = (2 / (e ε ε₀ N A²)) · (V − Vfb − kT/e)
```

इथे N म्हणजे दात्यांची घनता, A क्षेत्रफळ आणि Vfb आपला सपाटपट्ट विभव. शेवटचं kT/e खोलीच्या तापमानाला सुमारे 0.026 व्होल्ट भरतं.

हिशेबापुरते आकडे घेऊ. थर 1 चौरस सेंटिमीटर, द्रावण 1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच 13.6, संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा. समजा −0.05 व्होल्टला कपॅसिटन्स 2.38 मायक्रोफॅरड आला आणि +0.15 व्होल्टला 1.94. वर्गांचे व्यस्त झाले 0.177 आणि 0.266. 0.2 व्होल्टमध्ये 0.089 ची वाढ, म्हणजे रेघेचा चढ व्होल्टमागे 0.445. पहिल्या बिंदूपासून शून्यापर्यंत मागे यायला 0.177 भागिले 0.445, म्हणजे 0.40 व्होल्ट लागतात. रेघ विभवाच्या अक्षाला −0.45 वर छेदते. हा छेद म्हणजे सपाटपट्ट विभव नव्हे. त्यातून 0.026 वजा करायचे राहिलेत. उत्तर −0.47 किंवा −0.48 च्या आसपास. ही वजाबाकी गाळलेले कितीतरी प्रबंध माझ्या डोळ्यांखालून गेलेत.

हा छेदबिंदू मोजलेल्या बिंदूंपैकी नसतो, हे इथे लक्षात घ्या. छेदाजवळ आल्यावर तुमचे बिंदू रेघ सोडून वळतात, कारण पट्ट सपाट होत आले की थर पुरता रिकामा राहत नाही आणि वरचं समीकरण लागू पडत नाही. मधला सरळ तुकडा घेऊन रेघ पुढे लांबवावी लागते. याला मराठीत 'बहिर्वेशन' असा भारदस्त शब्द आहे, पण 'रेघ लांबवून' म्हटलं तरी गोषवाऱ्यात काही बिघडत नाही. 'मोजला' न म्हणण्याचं खरं कारण हेच: तिथे कुणी मोजमाप घेतलेलंच नसतं.

दोन बिंदूंवरून रेघ मी फक्त इथे ओढली. तुम्ही निदान दहा-बारा घ्या, आणि सगळी मोजणी तीन वारंवारतांना करा, समजा 100 हर्ट्झ, 1 किलोहर्ट्झ आणि 10 किलोहर्ट्झ. तिन्ही रेघांचा चढ वेगळा पण छेद एकच, असं निघालं तर विभवाचा आकडा द्यायला हरकत नाही, फक्त दात्यांची घनता ठामपणे सांगू नका. छेदही इकडेतिकडे पसरले, तर तुम्ही मोजलेला कपॅसिटन्स केवळ त्या रिकाम्या थराचा नाही. पृष्ठभागावर अडकलेले प्रभार त्यात आपली भर घालत असतात.

यात मी स्वतः फसलो आहे. काचेवरच्या पारदर्शक वाहक लेपावर, म्हणजे एफटीओवर, हेमटाइटचा थर होता. पहिल्याच दिवशी पट्टीने ओढावी अशी रेघ आली आणि मी पेढे वाटायच्या बेतात होतो. मग सहज, थर नसलेली कोरी काच त्याच द्रावणात बुडवून पाहिली, तर जवळजवळ तीच रेघ! एफटीओ हाही एन-प्रकारचाच अर्धसंवाहक, आणि माझा थर इतका सच्छिद्र होता की द्रावण थेट काचेच्या लेपाला भिडत होतं. आठवडाभर मी हेमटाइटचा म्हणून काचेचाच विभव काढत होतो. तेव्हा कडा इपॉक्सीने बुजवा आणि कोऱ्या काचेची रेघ शेजारी ठेवा. वरच्या उदाहरणात हेमटाइटची सापेक्ष परावैद्युतता 32 धरली तर रिकाम्या थराची जाडी 12-15 नॅनोमीटर निघते. तुमचे कण त्याहून बारीक असतील तर ते आतपर्यंत रिकामे होतील आणि रेघेला अर्थ उरणार नाही.

आणखी एक शब्द जपून वापरा: 'विरुद्ध'. इंग्रजीत आलेखालाही 'व्हर्सस' आणि संदर्भ इलेक्ट्रोडलाही 'व्हर्सस', म्हणून मराठीत दोन्हीकडे 'विरुद्ध' लिहिलेलं दिसतं. 'सिल्व्हर क्लोराइडविरुद्ध −0.47' हे वाचून कुणाची कुणाशी कुस्ती लागली आहे असं वाटतं. आलेख 'विभवासमोर' काढा आणि आकडा संदर्भाच्या 'सापेक्ष' द्या. हा सापेक्ष नसेल तर आकड्याला काही मोल नाही. तुमच्या पीएचला प्रतिवर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या सापेक्ष बदलताना 0.197 अधिक 0.059 गुणिले 13.6, म्हणजे 1.00 व्होल्ट मिळवायचा. −0.47 चा +0.53 होतो, आणि हेमटाइटसाठी तो पटण्याजोगा आहे. ऑक्साइडचा सपाटपट्ट विभव पीएचच्या एका अंकामागे साधारण 0.059 व्होल्टने ऋणाकडे सरकतो. या मापावर ते सरकणं आपोआप वजा होतं, म्हणून शेवटचा आकडा इथलाच द्या.

पडताळा हवा असेल तर उजेडात विद्युत् प्रवाह कुठे सुरू होतो ते पाहण्याचा रिवाज आहे. हेमटाइटच्या बाबतीत नुसत्या क्षारीय पाण्यात तो बराच उशिरा, 0.9-1.0 व्होल्टच्या आसपास दिसू लागतो, कारण पृष्ठभागावर आलेल्या विवरांना पाण्यातून ऑक्सिजन काढायला वेळ लागतो आणि तोवर इलेक्ट्रॉन त्यांना गाठतात. तेवढ्यावरून तुमचा 0.53 चुकला असं समजू नका. द्रावणात थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. तो विवरं झटपट उचलतो आणि प्रवाहाची सुरुवात सपाटपट्ट विभवाकडे सरकते. कपॅसिटन्स मात्र अंधारातच मोजायचा. खिडकीचा पडदा अर्धा उघडा राहिला तरी रेघ हलते.

तेव्हा गोषवाऱ्यात असं लिहा: «हेमटाइटच्या थराचा कपॅसिटन्स अंधारात तीन वारंवारतांना मोजला आणि मॉट-शॉट्की आलेखाची सरळ रेघ लांबवून त्याचा सपाटपट्ट विभव, पीएच 13.6 ला, प्रतिवर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या सापेक्ष काढला.» पुढे तुमचा आकडा. तो दोन दशांश स्थळांपर्यंतच द्या. तिसरं दशांश स्थळ रेघेचा कुठला तुकडा निवडला त्यावर बदलतं.