सीपीएस १५ चा अर्थ, आणि थांबवलेल्या टी पेशी पुन्हा हल्ला कशा करतात

प्रश्न: वडिलांना गालाचा कॅन्सर होता. ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, आता मानेत पुन्हा गाठ आली आहे. रिपोर्टमध्ये ‘पीडी-एल१ सीपीएस १५’ असं लिहिलंय आणि डॉक्टर इम्युनोथेरपी सुचवतायत. प्रतिकारशक्तीला हा कॅन्सर इतके दिवस दिसलाच नाही का? आणि हे औषध नक्की करतं काय?

उत्तर:

बहुधा दिसला होता. रिपोर्टमधला १५ हा आकडा त्याचीच खूण असू शकतो. माझं रोजचं काम असे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवत असते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी फिरत फिरत हे तुकडे तपासतात. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये जनुकांत बरेच बिघाड असतात, त्यामुळे त्यातले काही तुकडे शरीराला अनोळखी वाटतात. मारेकरी टी पेशी ते ओळखतात, गाठीत शिरतात, काही कॅन्सर पेशी मारतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. इंटरफेरॉन गॅमाचा संदेश मिळाला की आसपासच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन आणतात. निरोगी शरीरात याचा उपयोग असतो: जंतुसंसर्गात टी पेशींचा हल्ला बेफाम होऊन चांगल्या उतींची नासाडी होऊ नये, म्हणून हा ब्रेक आहे. कॅन्सर पेशी तोच वापरतात. पीडी-एल१ टी पेशीवरच्या पीडी-१ या प्रथिनाला चिकटतं, आणि टी पेशीच्या आत हल्ल्याचा जो संदेश पुढे जात असतो तो तिथेच तोडला जातो. टी पेशी शत्रूला चिकटून उभी असते, पण मारत नाही.

म्हणून पीडी-एल१ भरपूर दिसलं की माझ्या मनात पहिला विचार येतो तो ‘इथे टी पेशी येऊन लढल्या असाव्यात’ हा. ‘असाव्यात’ म्हणते, कारण काही गाठी स्वतःच्या जनुकीय बिघाडामुळे, टी पेशी जवळ नसतानाही पीडी-एल१ बनवतात.

आता सीपीएस, म्हणजे नमुन्यात पीडी-एल१ किती दिसतं त्याचा आकडा. नमुन्यात किमान १०० जिवंत कॅन्सर पेशी असाव्या लागतात. पीडी-एल१ चा रंग चढलेल्या कॅन्सर पेशी, आणि लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी, या सगळ्या मोजायच्या, त्या संख्येला जिवंत कॅन्सर पेशींच्या संख्येने भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा २०० कॅन्सर पेशी मोजल्या. त्यातल्या १२ ना रंग आहे आणि आजूबाजूच्या १८ लिम्फोसाइट-मॅक्रोफेजना आहे. एकूण ३०, म्हणजे सीपीएस १५. लक्षात घ्या, ही टक्केवारी नाही. आणि रंग नेमका कोणत्या पेशींवर आहे हे त्या एका आकड्यात कळत नाही. शिवाय हा एका तुकड्याचा हिशेब आहे. त्याच गाठीचा दुसरा कोपरा वेगळा आकडा देऊ शकतो. तरीही तोंडाच्या कॅन्सरमध्ये तो उपयोगी आहे: १ किंवा त्याहून जास्त असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एकटं देण्याचा विचार करता येतो, आणि २० च्या पुढे फायदा अधिक ठळक दिसला आहे.

पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही पीडी-१ ला चिकटणारी प्रतिपिंडं आहेत. ती पीडी-१ ची जागा अडवतात, मग पीडी-एल१ ला चिकटायला काही उरत नाही. औषध स्वतः एकही कॅन्सर पेशी मारत नाही. ते ‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ असं बरेच जण समजतात, तेही बरोबर नाही. जो प्रतिसाद आधीच तयार होऊन अडला आहे, तोच ते मोकळा करतं. त्यातही गाठीत दीर्घकाळ लढून पुरत्या थकलेल्या टी पेशी फारशा परतत नाहीत. काम करतात त्या कमी थकलेल्या, अजून विभागू शकणाऱ्या टी पेशी. ब्रेक निघाला की त्यांची संख्या वाढते. पहिल्या डोसनंतर साधारण तीन आठवड्यांत ही वाढ रक्तातही दिसू शकते. गाठ आकसायला अर्थातच त्याहून वेळ लागतो, म्हणून पहिला स्कॅन दोन-तीन महिन्यांनी करतात.

अपेक्षा किती ठेवावी? सीपीएस १ किंवा जास्त असलेल्या रुग्णांत एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबने साधारण पाचातल्या एकाची गाठ ठळकपणे आकसते. हे प्रमाण केमोपेक्षा कमी आहे, आणि गाठ झपाट्याने वाढत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टर केमो जोडतात ते यामुळेच. पण ज्यांना लागू पडतं त्यांचा फायदा केमोपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये याच आजारात निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. एरवी दर दोन आठवड्यांनी २४० देतात. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या कमी खर्चाच्या औषधांना ही जोड दिल्यावर वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. इतक्या थोड्या औषधाने काम होतं, कारण पीडी-१ च्या जागा कमी डोसनेही भरतात आणि कित्येक आठवडे भरलेल्या राहतात. मात्र तुलना ‘कमी डोस’ आणि ‘निव्होलुमॅब नाही’ यांच्यात होती, पूर्ण डोसशी नव्हती. पूर्ण डोस परवडत नसेल तर डॉक्टरांना या पर्यायाबद्दल जरूर विचारा.

ज्यांना लागू पडत नाही त्यांच्यात बहुतेक वेळा अडचण ब्रेकच्या आधीची असते. गाठीत टी पेशी शिरलेल्याच नसतात, किंवा गाठीने एचएलएचा भाग असलेलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन बनवणंच सोडलेलं असतं. मग दाखवायला तुकडाच नाही, आणि टी पेशी मोकळी असूनही तिला काही दिसत नाही. आधी चांगला फायदा होऊन नंतर आजार उलटलेल्या काही रुग्णांच्या गाठींत नेमका हाच बदल सापडला आहे. तिथे तेच औषध वाढवून उपयोग होत नाही.

घरी मात्र एका गोष्टीवर सगळ्यांनी डोळा ठेवा. ब्रेक निघतो तो फक्त गाठीतल्या टी पेशींचा नाही. थायरॉइड, आतडं, फुप्फुस, यकृत, त्वचा, क्वचित हृदयाचा स्नायू, कुठेही हल्ला होऊ शकतो; औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. नवा कोरडा खोकला किंवा धाप, नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब, छातीत दुखणं, अचानक वाढलेली तहान आणि लघवी यांपैकी काहीही झालं तर दुकानातून गोळी आणून वाट पाहू नका, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा. वेळेत पकडलं तर बहुतेक त्रास प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने आटोक्यात येतो. थायरॉइड मंदावला तर रोजची गोळी लागते आणि इम्युनोथेरपी बहुधा चालू ठेवता येते. रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर ‘केमो चालू आहे’ असं सांगू नका. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद दाखवा, कारण केमोच्या जुलाबांचा आणि या जुलाबांचा इलाज वेगळा आहे.