वाटाणा फ्रीजरात ठेवताना : एकदम भरू नका

प्रश्न : साहेब, 300 लिटरचा डीप फ्रीजर घेतला. सोललेला 60 किलो पावसाळी वाटाणा पाच-पाच किलोच्या पिशव्यांत एकदम भरला. दोन महिन्यांनी काढला तर शिजवून लगदा होतो, पिशवीत बर्फाचा चुरा, वरचे दाणे पांढरट आणि सुरकुतलेले. दुकानदार म्हणतो मोठा फ्रीजर घ्या, नाहीतर खायचा सोडा टाका. काय करू? (पुरंदर तालुका)

उत्तर : दोन्ही करू नका. सोड्याने रंग हिरवा दिसतो, पण साल आणखी मऊ पडते. आणि मोठ्या फ्रीजरातही असाच एकदम माल भरलात तर असाच लगदा हाती येईल.

तुमची दुखणी दोन आहेत, ती वेगवेगळी बघा. मूठभर दाणे वाटीत वितळू द्या. तळाला बरंच पाणी सुटलं, तर माल गोठताना बिघडला. पिशवीत चुरा आणि दाण्यावर पांढरे डाग असतील, तर साठवताना बिघडला. तुमच्याकडे दोन्ही झालंय.

आधी गोठण्याचं. दाण्यातलं पाणी बहुतांश उणे 1 ते उणे 5 अंशांत गोठतं. हा पट्टा झटकन पार झाला तर बारीक स्फटिक होतात आणि पेशी टिकतात. तासन्‌तास लागले तर आधी पेशींच्या बाहेर मोजके स्फटिक धरतात, ते आतलं पाणी ओढून घेत मोठे होतात आणि पेशी फाटतात. मग कितीही थंड करा, फाटलेली पेशी जुळत नाही. कारखान्यात उणे 30च्या जोरदार हवेत दाणा सुटा उडत राहतो आणि काही मिनिटांत गोठतो. तुमच्या पाच किलोच्या पिशवीत मधल्या दाण्याला थंडी पोचायलाच दिवस जातो.

हिशेब बघा. 1 किलो वाटाणा 25 अंशांवरून उणे 18वर न्यायला साधारण 350 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. 60 किलोची झाली 21,000. फ्रीजर प्रत्यक्षात 150 वॅटने उष्णता काढतो असं धरलं, तरी जवळजवळ 39 तास. तोवर आधीचा गोठलेला मालही तापतो. म्हणून 300 लिटरमध्ये दिवसाला 10 ते 14 किलोच नवा माल टाका. दुकानदार '300 लिटर' सांगतो ती जागा आहे, गोठवायची ताकद नव्हे. पुन्हा सांगतो, एकदम भरू नका.

माझा आग्रह ताटात पसरून गोठवण्याचा. तोडल्या दिवशीच सोला, उशीर झाला की गोडी जाते. उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं ठेवा, किलोला आठ लिटर पाणी. कमी पाणी घेतलं तर उकळी मोडते आणि वेळेचा हिशेब चुकतो. 'जास्त उकळलं की जास्त टिकतं' हे कुणाचंही ऐकू नका, दाणा तिथेच मऊ पडतो. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, निथळा, कापडावर पूर्ण कोरडा करा. ओला राहिला तर ढेकूळ होतो. मग ताटात एकच थर पसरा. फ्रीजर आदल्या रात्रीच सर्वात थंडवर लावून ठेवा. दाणे टणक आणि सुटे झाले की अर्ध्या किलोच्या जाड पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, सील करा.

आता डाग. पिशवीतला चुरा बाहेरून आलेला नाही, ते तुमच्याच दाण्यातलं पाणी आहे. पिशवीत हवा असली आणि तापमान वरखाली झालं की दाण्याच्या पृष्ठभागावरचा बर्फ न वितळता थेट वाफ होतो आणि पिशवीला चिकटतो. दाणा वाळतो, त्याला फ्रीजर बर्न म्हणतात. त्याच वरखालीत बारीक स्फटिक विरून मोठ्यांना मिळतात, म्हणजे चांगला गोठवलेला मालही हळूहळू खराब होतो. म्हणून 'उणे 10 पुरे' म्हणणाऱ्याला विचारू नका, 100-200 रुपयांचा थर्मामीटर आत ठेवा आणि उणे 18 आहे का रोज बघा. आपोआप बर्फ काढणारा फ्रीजर साठवणीला घेऊ नका, त्याचा हीटर अधूनमधून आत तापवतो. पेटीसारखा, वरून उघडणारा बरा. भारनियमनात झाकण उघडू नका, भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस थंडी धरतो.

हा 60 किलो माल पूर्णवेळ गोठलेलाच असेल तर खायला धोका नाही. घरी आमटीत, वाटून पराठ्यात संपवा. विकू नका, आणि वितळलेला पुन्हा गोठवू नका.

अनुदान : सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख, बँक कर्जाला जोडून. अर्जाआधी फ्रीजर विकत घेऊ नका. दुकानदाराचं कोटेशन आणण्याआधी रोज किती किलो गोठवायचा ते ठरवून माझ्याकडे या.